चौदा कुठे गेले?

मामांचा फोन नेहमी जेवणाच्या वेळेला येतो. त्या दिवशीही तसाच आला, आणि "जेवलीस का" वगैरे काही न विचारता त्यांनी थेट प्रश्न टाकला, "अगं, सरकार बुडालं का?"

मी म्हटलं, "नाही मामा, का?"

"मग माझ्या रोख्यापुढे शंभराच्या जागी शहाऐंशी का लिहिलंय? व्याज वेळेवर आलं, कुणी काही कापलं नाही, मुदत संपायला दहा वर्षं आहेत. मग चौदा कुठे गेले?"

मामा आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आले. 'बाजारात मंदी आहे' असलं उत्तर त्यांना चालत नाही. मी बरीच वर्षं एका बँकेच्या ट्रेझरीत रोख्यांच्या टेबलावर काढली आहेत. व्याजदर वर गेले की रोख्याचा भाव खाली येतो, हे वाक्य मी तिथे किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही. पण इतक्या सरळ शब्दांत 'कुठे गेले' असं मला कोणी विचारलं नव्हतं. पैसे कुठेतरी गेले असतील तर ते कुणाच्या तरी हातात पडायला हवेत, हा त्यांचा आग्रह. शिक्षकाचा आग्रह. तो मला आवडला.

रोखा म्हणजे मुळात उसनवारीची चिठ्ठी. कर्ज घेणारा लिहून देतो, की तुझे शंभर मी दहा वर्षांनी परत करीन आणि तोवर दरवर्षी पाच देईन. हे शंभर म्हणजे दर्शनी किंमत आणि ते पाच म्हणजे कूपन. पूर्वी रोखे खरोखरच कागदाचे असत आणि त्यांच्या कडेला छोट्या चौकोनांची रांग छापलेली असे. व्याजाची तारीख आली की कात्रीने एक चौकोन कापायचा आणि तो देऊन पैसे घ्यायचे. कागद गेले, कात्र्या गेल्या, 'कूपन' हा शब्द मात्र राहिला. (पुष्कळसे रोखे वर्षातून दोनदा व्याज देतात. मामांना आणि तुम्हाला सोपं जावं म्हणून मी इथे वर्षातून एकदाच देते आहे, आणि आकडेही गोल केले आहेत.)

या चिठ्ठीत सगळं काही ठरलेलं असतं. किती मिळणार, कधी मिळणार, किती वेळा मिळणार. त्यातलं एकही अक्षर नंतर बदलता येत नाही. जग मात्र बदलतं. मामांनी रोखा घेतला तेव्हा दहा वर्षांसाठी पैसे देणाऱ्याला पाच टक्के मिळत होते. हिशेबापुरतं समजू, की त्यानंतर लगेचच दर सातवर गेला. आता तेच सरकार, तीच दहा वर्षं, पण नव्या चिठ्ठीवर सात मिळतात. अशा वेळी मामांची पाचवाली चिठ्ठी शंभराला कोण घेईल? कोणीच नाही. चिठ्ठीवरचे आकडे बदलता येत नाहीत, म्हणून बदलायला एकच जागा उरते, ती म्हणजे ती चिठ्ठी आज ज्या किमतीला हात बदलेल ती किंमत.

इथपर्यंत सगळेच सांगतात. मग बहुतेक जण सी-सॉचं चित्र काढतात, एक टोक वर गेलं की दुसरं खाली. त्या चित्राचा मला कंटाळा आहे. टोक खाली जातं हे त्यातून कळतं, पण किती खाली आणि नेमकं का, हे कळत नाही.

मामांनी स्वतःच आकडा मांडला. "सात आणि पाचात फरक दोनाचा. दहा वर्षं म्हणजे वीस. मग भाव ऐंशी व्हायला हवा. शहाऐंशी का?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि चौदांचा पत्ताही त्यातच होता. नव्या रोख्यापेक्षा मामांना दरवर्षी दोन कमी मिळणार. ही तूट दहा वेळा येणार, पण ती सगळी आज येत नाही. पहिली वर्षभराने येते, शेवटची दहा वर्षांनी. वर्षभराने येणाऱ्या दोनांची तूट आज भरून काढायची, तर आज १.८७ बाजूला ठेवले की पुरतात, कारण सात टक्क्यांनी वाढून त्यांचे वर्षात दोन होतात. दहाव्या वर्षीच्या दोनांसाठी आज जेमतेम १.०२ पुरतात. अशा दहा रकमांची बेरीज केली की १४.०५ येते. शंभरातून ती वजा करा, उरतात ८५.९५.

म्हणजे चौदा कुठे गेले नाहीत. पुढच्या दहा वर्षांत मामांना जे कमी मिळणार होतं, ते सगळं बाजाराने एकत्र बांधून आज त्यांच्यापुढे ठेवलं. जो ८५.९५ ला हा रोखा घेईल, त्याला दरवर्षी पाचच मिळतील, पण शेवटी दर्शनी शंभर मिळतील. ते चौदा त्याच्या हातात पडतील आणि सगळं धरून त्याचा परतावा बरोबर सात टक्के होईल. नव्या रोख्यापेक्षा तो ना पुढे जाईल, ना मागे राहील.

मामा काही क्षण गप्प होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ऐकल्यावर माझ्या क्षेत्रातला प्रत्येक माणूस सुटकेचा श्वास टाकतो. "पण मी विकलाच नाही तर? मुदत संपेपर्यंत धरून ठेवला तर शंभर मिळणारच ना?"

मी म्हटलं, "मिळणारच. धरून ठेवा, काही नुकसान नाही." आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "तू काल मला अर्धवट सांगितलंस."

रात्री त्यांनी वहीत गणित केलं होतं. धरून ठेवला तरी दरवर्षी दोन कमी मिळणार ते मिळणारच. विकला तर चौदा आज जातात, नाही विकला तर तेच दोन-दोनाच्या हप्त्यांनी दहा वर्षं जातात. आजच्या किमतीत दोन्ही रकमा सारख्याच. "मग नुकसान नाही कसं? फक्त ते खात्यावर दिसत नाही, एवढंच."

बरोबर होतं त्यांचं. 'मुदतीपर्यंत धरा, नुकसान होत नाही' या वाक्यात खरं एवढंच आहे, की कर्ज घेणारा बुडाला नाही तर शंभर परत येतात. पाच वर्षांनी पाहिलं, दर सातावरच राहिलेला असला, तर मामांच्या रोख्याचा भाव ९१.८० झालेला असेल. मुदतीला एक वर्ष उरलं असताना ९८.१३. भाव आपोआप शंभराकडे सरकत जातो. लोकांना वाटतं, बाजार सुधारतोय. प्रत्यक्षात तूट हप्त्याहप्त्याने भरून होत असते आणि उरलेली तूट लहान होत जाते, म्हणून भाव वर येतो.

वास्तविक एवढ्यावर थांबले असते तर मीही मामांना अर्धवटच सांगितलं असतं. कारण त्यांच्या वहीत एक गोष्ट राहिली होती. दरवर्षी मिळणाऱ्या पाचांचं पुढे काय होतं?

मामा ते पाच खर्च करत नाहीत, पुन्हा गुंतवतात. दर पाचावरच राहिले असते तर ते पाच टक्क्यांनी वाढले असते. आता ते सात टक्क्यांनी वाढतील. म्हणजे दर वाढल्याने एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. रोख्याचा भाव पडला, आणि रोख्यातून येणारं प्रत्येक कूपन जास्त कमाई करू लागलं. पहिली गोष्ट एका दिवसात घडते आणि डोळ्यांत भरते. दुसरी मुंगीच्या पावलांनी येते आणि कुठल्याच विवरणपत्रात वेगळी छापली जात नाही.

मी त्यांना म्हटलं, आता दोन जगं शेजारी-शेजारी ठेवा. पहिल्यात दर पाचच राहिला. दुसऱ्यात घेतल्याबरोबर सात झाला. कूपनं दोन्हीकडे पुन्हा गुंतवायची. दोन वर्षांनी सगळं विकलं तर पहिल्या जगात मामांकडे ११०.२५ असतील, दुसऱ्या जगात ९८.४१. दुसऱ्या जगातला माणूस कपाळाला हात लावेल. पण दहा वर्षं थांबला तर? पहिल्या जगात १६२.८९, दुसऱ्यात १६९.०८. ज्या दरवाढीने त्याचे चौदा 'गेले', तिनेच त्याला शेवटी सहा जास्त दिले.

मामा म्हणाले, "थांब, मग मध्ये कुठेतरी दोन्ही सारखे व्हायला पाहिजेत."

होतात. आठव्या वर्षी. पहिल्या जगात १४७.७५, दुसऱ्यात १४७.६८. फोनवर मला वहीची पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही.

या आठ वर्षांना नाव आहे, ड्युरेशन. १९३८ मध्ये फ्रेडरिक मॅकॉले या अर्थशास्त्रज्ञाने ते मांडलं. रोख्यातून येणारे पैसे सरासरी किती वर्षांनी हातात पडतात, याचं ते माप आहे. प्रत्येक रकमेला तिच्या आजच्या किमतीएवढं वजन द्यायचं आणि वर्षांची सरासरी काढायची. मामांच्या दहा वर्षांच्या रोख्याचं ड्युरेशन ८.१ वर्षं येतं. दहाऐवजी आठ का, तर काही पैसे कूपनांच्या रूपाने आधीच आलेले असतात. आमच्या टेबलावर या आकड्याचा उपयोग दुसऱ्याच कामासाठी व्हायचा. दर एक टक्का हलला तर भाव किती टक्के हलेल, याचा चटकन अंदाज त्यावरून येतो, इथे साधारण पावणेआठ. एकच आकडा दोन प्रश्नांची उत्तरं देतो: धक्का केवढा बसेल, आणि तो भरून यायला किती काळ लागेल. शिकताना मी दोन्ही सूत्रं पाठ केली होती. ती एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे मला नोकरीत कितीतरी वर्षं गेल्यावर उमगलं, हे कबूल करते.

एक अट सांगायलाच हवी. दर बहुतेक वेळा उगाच वाढत नाहीत, महागाई वाढते म्हणून वाढतात. अशा वेळी १६९ हातात आले तरी त्यांत पूर्वीच्या १६३ पेक्षा कमी वस्तू येऊ शकतात. ड्युरेशन हा आकड्यांचा हिशेब आहे, त्या आकड्यांत काय विकत मिळेल ते त्याला कळत नाही.

आणि 'दर' म्हणजे नेमका कोणता, हाही गोंधळ पुष्कळांचा होतो. मध्यवर्ती बँक जो दर जाहीर करते तो अगदी थोड्या दिवसांच्या उधारीचा असतो. दहा वर्षांच्या रोख्याचा भाव दहा वर्षांच्या उधारीच्या दरावर हलतो, आणि तो बाजारात, पुढे काय होणार याच्या अंदाजाने ठरतो. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हने पहिली वाढ १६ मार्च २०२२ रोजी केली. पण दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरचा परतावा २०२१ संपताना दीड टक्क्याच्या आसपास होता, तो त्या तारखेपूर्वीच दोनच्या वर जाऊन आला होता. म्हणून कधीकधी दरवाढीच्या दिवशी रोखे चक्क वर जातात. वाढ अपेक्षेपेक्षा कमी निघालेली असते.

ड्युरेशन लांब असलं की काय होतं, हे मामांना दाखवायला मी ऑस्ट्रियाचं उदाहरण घेतलं. त्या सरकारने २०२० मध्ये शंभर वर्षांचा रोखा काढला, कूपन फक्त ०.८५ टक्के, मुदत २१२० पर्यंत. जो घेईल त्याच्या नातवाच्या हातात मुद्दल पडायचं. कूपन इतकं बारीक, की सगळी किंमत दूरच्या पैशांत अडकलेली. त्या वर्षाच्या अखेरीस दर आणखी खाली गेले तेव्हा हा रोखा १३० च्या पुढे गेला होता. २०२३ मध्ये तो ४० च्याही खाली उतरला. गणित करून पाहिलं तर यात गूढ काही नाही. परतावा ०.४ टक्के धरला तर भाव १३७ येतो, तीन टक्के धरला तर ३२. दर अडीच-पावणेतीन टक्क्यांनी हलला आणि तीन-चतुर्थांश किंमत गेली. या सगळ्या काळात ऑस्ट्रियाने एकही कूपन चुकवलं नाही.

मामांनी यावर फक्त "अरे बापरे" म्हटलं. मग म्हणाले, "बँका तरी हे जाणून असतील."

आता हे मला टोचलं, कारण जाणून असतात आणि तरीही. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं २०२३ चं प्रकरण आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने बारकाईने वाचलं. त्या बँकेकडे ठेवीदारांचे प्रचंड पैसे आले होते आणि ते तिने अल्प दराच्या काळात लांब मुदतीच्या, सरकारी किंवा सरकारी हमीच्या रोख्यांत घातले होते. बुडीत कर्ज जवळजवळ नव्हतंच. हिशेबाच्या नियमांनुसार जे रोखे 'मुदतीपर्यंत धरणार' असं बँक जाहीर करते, ते खरेदीच्या किमतीलाच वहीत दाखवता येतात. २०२२ च्या अखेरीस अशा रोख्यांची वहीतली किंमत सुमारे ९१ अब्ज डॉलर होती, बाजारातली सुमारे ७६ अब्ज. मधले १५ अब्ज म्हणजे मामांचे चौदाच, फक्त मोठ्या प्रमाणावर. ते वहीच्या तळटीपेत होते.

मुदतीपर्यंत धरणं हे नुसतं म्हणण्यावर नसतं, त्यासाठी तेवढी वर्षं हातात असावी लागतात. ठेवीदार मात्र पैसे आज मागू शकतो. बँकेने ८ मार्च रोजी सांगितलं, की ज्यांना 'मुदतीपर्यंत धरणार' म्हटलं नव्हतं अशा दुसऱ्या गटातले सुमारे २१ अब्जांचे रोखे विकले आणि त्यात १.८ अब्जांचा तोटा झाला. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज काढून घेतले. १० मार्चला बँक बंद झाली. हप्त्यांनी सोसता आला असता तो तोटा एका दमात सोसायची वेळ आली, आणि तेवढं भांडवल नव्हतं.

रोखे एखाद्या फंडातून घेतले असतील तर गोष्ट थोडी वेगळी, कारण फंडाला स्वतःची अशी मुदत नसते. जुने रोखे संपतात, नवे येतात, ड्युरेशन साधारण तेवढंच राहतं. तिथे 'धरून ठेवा' याचा अर्थ 'मुदत संपेपर्यंत' असा घेता येत नाही. फंडाचं सरासरी ड्युरेशन किती हे माहितीपत्रकात छापलेलं असतं. मी आधी तेच बघते, मग बाकीचं.

शेवटी मी मामांना विचारलं, "तुम्हाला हे पैसे लागणार आहेत कधी?"

"नऊ-दहा वर्षांनी."

"मग तुमच्या वहीतल्या आठव्या वर्षापलीकडे आहात तुम्ही. खात्यावरचं शहाऐंशी बघून झोप घालवायचं कारण नाही."

"हं," मामा म्हणाले. मग जरा खाकरले. "आणखी एक आहे तसाच. पाच टक्क्यांचाच. तुला सांगितला नव्हता."

"किती वर्षांचा?"

"तीस."

मी मनातल्या मनात हिशेब केला. दोनाची तूट तीस वेळा, भाव पंचाहत्तरच्या आसपास. तेवढ्यात पलीकडून पेन्सिलीचा आवाज येऊ लागला. त्यांना ड्युरेशन काढायची पद्धत आता माहीत झाली होती, मी काही बोलले नाही.

"सोळा वर्षं येतंय," ते म्हणाले. "मी आत्ता एकाहत्तरचा. म्हणजे सत्त्याऐंशी." थोडं थांबले. "बघू. आमच्या घराण्यात जगतात तेवढं."